दोन रकाने

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या युनिट टेस्टमध्ये मी बारावीला सहा गुणांचा एक प्रश्न घातला होता: खारफुटीची काही मुळं चिखलातून वर का येतात, आणि ही झाडं खाऱ्या, पाण्याने भरलेल्या जमिनीत कशी तगतात? सीवूड्समध्ये राहणाऱ्या मुलांना हा प्रश्न परका नाही. एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागच्या वाटेने ती फ्लेमिंगो बघायला जातात, आणि फ्लेमिंगोंच्या अलीकडे तिवराची झाडं असतात. ओहोटीला त्यांच्या बुंध्याभोवती पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी मुळांची टोकं उभी दिसतात. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत पुस्तकं इंग्रजीत असतात, उत्तरंही इंग्रजीतच लिहायची. वर्गात निम्मी मुलं इंग्रजी माध्यमातली, निम्मी दहावीपर्यंत मराठीत किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेली.

गठ्ठ्यात एकापाठोपाठ एक आलेली दोन उत्तरं मला पुढे कितीतरी दिवस पुरली. पहिलं करावे गावातल्या एका मुलीचं. तिचं इंग्रजी जसंच्या तसं नागरीत उतरवते:

‘टिवर ट्री रूट आर कम अप. मड इज ऑलवेज फुल वॉटर सो एअर नॉट गो इनसाइड. बट रूट ऑल्सो नीड ऑक्सिजन फॉर रेस्पिरेशन. सो न्यूमोटोफर कम आउट लाइक पेन्सिल. व्हेन वॉटर गो बॅक, स्मॉल स्मॉल होल इज ओपन, एअर गो इन अँड गो डाउन टु मेन रूट. सॉल्ट इज स्टॉप बाय रूट. सम सॉल्ट कम स्टिल, लीफ थ्रो इट. आफ्टरनून व्हाइट पावडर सी ऑन लीफ.’

दुसरं उत्तर एका मुलाचं. त्याचं इंग्रजी स्वच्छ आणि वाहतं होतं, अक्षर सुरेख होतं. खारफुटी हे निसर्गाचं एक आश्चर्य आहे, तिने आव्हानात्मक परिस्थितीशी विलक्षण रीतीने जुळवून घेतलं आहे, अशी त्याची सुरुवात. मग जमीन पाण्याने भरलेली असते, म्हणून न्यूमॅटोफोर चिखलातून सरळ वर वाढतात, त्यांच्यावर लेंटिसेल असतात, त्यांतून ऑक्सिजन आत येतो आणि ‘तो वापरून झाड आपलं अन्न तयार करतं’. खाऱ्या पाण्याबद्दल ‘या झाडांनी मिठाला तोंड देण्याची एक अनोखी यंत्रणा विकसित केली आहे’ एवढं एक वाक्य. शेवटी खारफुटी वाचवली पाहिजे.

मी मुलीला अडीच गुण दिले आणि मुलाला साडेचार. दोन्ही उत्तरं पुरती वाचली होती, घाई केली नव्हती. मुलीच्या उत्तरात लाल पेनाने नऊ ठिकाणी दुरुस्त्या केल्या होत्या, आणि नवव्या दुरुस्तीपर्यंत पोचताना माझं मत बनून गेलं होतं. मुलाच्या उत्तरात लाल पेन कुठेच टेकलं नाही.

पेपर परत दिल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. गुण वाढवून मागायला आली नव्हती. मराठीत विचारलं, “मॅडम, यात चुकलं काय ते कळेना. पानावर मीठ येत नाही का? मी बघितलंय.” तिच्या वडिलांची खाडीत मासेमारी असते, तिने खरंच बघितलं होतं. मी उत्तर तिच्यासमोर पुन्हा वाचलं आणि मला तिला एकही चुकलेली गोष्ट दाखवता आली नाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. चिखलाच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. जो थोडा आत पोचतो तो वरच्या थरातले जिवाणू संपवतात. खाडीकाठच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो आत ऑक्सिजन नसल्याचीच खूण: तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मुळांच्या पेशी मात्र जिवंत असतात आणि ऊर्जेसाठी त्यांना श्वसन करावंच लागतं. म्हणून तिवर काही मुळं गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेला, चिखलाबाहेर पाठवतो. त्यांच्यावरच्या वल्करंध्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते आणि आतल्या पोकळ, स्पंजासारख्या ऊतीतून जमिनीखालच्या मुळांपर्यंत उतरते. मिठाचा बराचसा भाग मुळंच अडवतात. उरलेलं तिवराच्या पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. पाणी वाळलं की पानावर पांढरे कण राहतात.

हे सहा मुद्द्यांत मांडता येतं. चिखलात हवा शिरत नाही. मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. श्वसनमुळं वर येतात आणि ओहोटीला उघडी पडतात. त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा खालच्या मुळांपर्यंत जाते. मीठ मुळाशी अडतं. उरलेलं पानातून बाहेर पडतं. मुद्द्याला एक गुण. हे मी कागदावर मांडलं आणि दोन्ही उत्तरं त्याच्याशी पुन्हा ताडून पाहिली.

मुलीच्या उत्तरात सहाच्या सहा मुद्दे होते. ‘न्यूमोटोफर’ हे स्पेलिंग चुकलं आहे, पण आमच्या अभ्यासक्रमात त्याच्याशी गोंधळ होईल असा दुसरा शब्द नाही, म्हणून ते चालायला हरकत नाही. चौथ्या मुद्द्यात मात्र तिने वल्करंध्राचं नाव दिलं नाही, नुसतं ‘लहान लहान भोक’ म्हटलं. पारिभाषिक शब्द माहीत असणं हाही विज्ञानाच्या ज्ञानाचा भाग आहे. पानावरचं पर्णरंध्रसुद्धा लहान भोकच असतं. तिथे अर्धा गुण कापला. साडेपाच झाले.

मुलाला पहिल्या मुद्द्याचा एक, तिसऱ्याचा एक, आणि लेंटिसेलचं नाव व काम सांगितलं म्हणून चौथ्याचा अर्धा. त्या छिद्रांतली हवा जमिनीखालच्या मुळांसाठी असते हे त्याने लिहिलंच नव्हतं. दुसरा मुद्दा त्याने नुसता गाळला नव्हता, तर उलटा केला होता: ऑक्सिजन वापरून झाड अन्न तयार करतं असं लिहिलं होतं. श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांची ही अदलाबदल विज्ञानाची चूक आहे आणि ती मोठी आहे. सुरेख वाक्यात बसल्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटली होती. मिठाच्या वाक्यात काहीही सांगितलेलं नव्हतं. अडीच गुण.

म्हणजे मी आधी दिलेले आकडे जवळजवळ अदलाबदल करून मिळाले. मुलीवर अन्याय झाला हे तर उघडच आहे. मुलावरही झाला होता, हे मला थोडं उशिरा लक्षात आलं. साडेचार गुण घेऊन तो घरी गेला असता, तर आपल्याला श्वसन कळलेलं नाही हे त्याला कधी कळलं असतं? गुण म्हणजे शिक्षकाने मुलाला पाठवलेला निरोप असतो. एकाच आकड्यात दोन निरोप कोंबले की दोन्ही चुकीचे पोचतात. मुलीला वाटतं आपलं जीवशास्त्र कच्चं आहे, मग ती तेच प्रकरण रात्री जागून पुन्हा पाठ करते. तिला खरी गरज असते इंग्रजी वाक्यरचनेच्या चार गोष्टींची.

शिक्षकांची ही चूक फार पूर्वी मोजली गेली आहे. अमेरिकेत 1966 साली स्कॅनेल आणि मार्शल यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच मजकुराच्या निबंधाच्या वेगवेगळ्या प्रती केल्या: एक निर्दोष, बाकीच्यांत स्पेलिंगच्या, व्याकरणाच्या किंवा विरामचिन्हांच्या चुका मुद्दाम पेरलेल्या. आशय सगळ्यांत तोच. तपासणाऱ्यांना स्पष्ट बजावलं होतं की फक्त आशयाला गुण द्या. तरी चुका असलेल्या प्रतींना कमी गुण पडले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मार्शल आणि सहकाऱ्यांनी तसेच प्रयोग पुन्हा केले आणि कल तोच राहिला. ‘भाषेकडे दुर्लक्ष करा’ ही सूचना माणसाला पाळता येत नाही, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. चूक डोळ्याला टोचते, आणि टोचलेला डोळा पुढचं वाक्य संशयाने वाचतो. म्हणून परीक्षकाच्या चांगुलपणावर किंवा निर्धारावर भरवसा ठेवून चालत नाही. तपासण्याची रीतच बदलावी लागते.

मी जी रीत बसवली ती अशी. मुद्दे आणि त्यांचे गुण गठ्ठा उघडण्याआधी लिहायचे. बोर्डाच्या पेपरला मॉडेल आन्सर असतंच. पण त्यात बहुधा एकच आदर्श वाक्य असतं, आणि कमजोर इंग्रजीतलं उत्तर त्या वाक्यासारखं दिसत नाही म्हणूनच गुण गमावतं. त्यामुळे प्रत्येक मुद्द्यापुढे मी दोन गोष्टी लिहिते: कोणत्या मोडक्या शब्दांतही हा मुद्दा मान्य होईल, आणि कोणते शब्द आले तर तो मान्य होणार नाही. दुसऱ्या मुद्द्यापुढे ‘रूट वॉन्ट ऑक्सिजन’ मान्य. ‘ऑक्सिजन फॉर फूड’ अमान्य. मग सगळ्या उत्तरपत्रिकांतला हा एकच प्रश्न सलग तपासायचा, म्हणजे आधीच्या प्रश्नात पडलेली छाप पुढे सरकत नाही. या फेरीत लाल पेन हातात घ्यायचं नाही. पेन्सिलीने समासात नुसता मुद्द्याचा क्रमांक टाकायचा: 1, 2, 4. भाषेला हातही लावायचा नाही. भाषेची फेरी दुसऱ्या दिवशी, वेगळ्या रकान्यात. दोन्ही रकान्यांची बेरीज करायची नाही.

एवढं केलं की बरीचशी उत्तरं सरळ होतात. खरी मेहनत उरते ती काही वाक्यांत, जिथे भाषा आणि आशय एकमेकांत गुंतलेले असतात. त्या वाक्यांबद्दल जरा सावकाश बोलायला हवं, कारण ‘आशय वेगळा, भाषा वेगळी’ असं तोंडाने म्हणणं सोपं आहे.

इंग्रजीतल्या चुकांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. अ, अॅन, द गळणं, क्रियापदाचा एस गळणं, इजच्या जागी आर येणं, काळ चुकणं; यांनी विज्ञानाचा अर्थ हलत नाही. पण काही शब्द फार लहान असून सगळा अर्थ तोलून धरतात: फ्रॉम आणि टु, मोअर आणि लेस, बाय. ‘फ्रॉग इज ईट बाय स्नेक’ यात व्याकरण चुकलं आहे, अन्नसाखळी बरोबर आहे. ‘फ्रॉग ईट स्नेक’ यात व्याकरण जवळजवळ बरोबर आहे, आणि साप बेडकाच्या पोटात गेला आहे.

मराठी मुलांच्या बाबतीत याला एक खास कारण आहे. आपल्या भाषेत कोण कोणाला काय करतो हे विभक्तीच्या प्रत्ययांवरून कळतं. ‘सापाने बेडकाला खाल्लं’ आणि ‘बेडकाला सापाने खाल्लं’ यांत शब्द फिरवले तरी अर्थ जागचा हलत नाही. इंग्रजीत ते काम शब्दांच्या क्रमाने होतं. मूल मराठीत नीट विचार करतं, इंग्रजीत उतरवताना ‘ने’ आणि ‘ला’ गळून पडतात, आणि क्रम मात्र मराठीचा राहतो. माझ्या गठ्ठ्यात एका मुलाने लिहिलं होतं, ‘सॉल्ट रूट स्टॉप.’ मनात ‘मिठाला मूळ थांबवतं’ असणार, हे मराठी वाचकाला लगेच सुचतं. पण मीठ मुळाची वाढ थांबवतं, असाही अर्थ निघतो आणि तो विज्ञान म्हणून वेगळाच आहे. मी पुढचं वाक्य पाहिलं: ‘सो इनसाइड लेस सॉल्ट.’ आता शंका उरली नाही, गुण दिला. ते दुसरं वाक्य नसतं तर समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं आणि तो पेपर सहकाऱ्याला दाखवला असता.

दुसरी गुंतागुंत त्याहून खोल आहे. दुसऱ्या एका मुलीच्या उत्तरात होतं, ‘रूट टेक ब्रेथ फ्रॉम एअर.’ ब्रीदिंग म्हणजे हवा आत-बाहेर करणं, रेस्पिरेशन म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा मोकळी होणं. जीवशास्त्रात हा फरक पक्का असावा लागतो. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत श्वासोच्छ्वास आणि श्वसन असे दोन शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात दोन्हीला श्वासच म्हणतात, आणि या मुळांचं नावच मुळी श्वसनमुळं. मग त्या मुलीला इंग्रजी शब्द चुकला, की कल्पनाच चुकली? एका वाक्यावरून हे ठरवता येत नाही. तिच्या उत्तरात पुढे कुठेही ऊर्जेचा, पेशीचा किंवा अन्नाच्या ज्वलनाचा उल्लेख नव्हता, म्हणून मी अर्धा गुण दिला, आणि दुसऱ्या दिवशी तिला मराठीत विचारलं: त्या ऑक्सिजनचं मूळ काय करतं? ती म्हणाली, “श्वास घेतं. मग सोडतं.” म्हणजे कल्पनाच अपुरी होती. इंग्रजीला दोष देऊन मी पूर्ण गुण दिला असता तर तिचंच नुकसान झालं असतं.

यातून मी स्वतःसाठी एक हद्द आखून घेतली आहे. मोडलेलं वाक्य मनात दुरुस्त करून वाचायला हरकत नाही, पण ती दुरुस्ती कोणत्याही तिऱ्हाईत जाणकाराने केली असती तीच हवी. गाळलेला दुवा मात्र मी भरायचा नाही. एका मुलाने लिहिलं होतं: ‘मड वॉटर, सो रूट अप, सो लाइफ.’ त्याची भाषा फार दुबळी आहे हे मला माहीत होतं, आणि मधला ऑक्सिजन त्याच्या मनात असणारच असं वाटून गुण देण्याचा मोह झाला. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, “पाण्यात राहिलं तर मूळ कुजेल ना, म्हणून वर येतं.” ऑक्सिजन त्याच्या मनात नव्हताच. दयेने वाचणं हीसुद्धा भाषेने प्रभावित होऊनच वाचणं आहे. फक्त झुकतं माप दुसऱ्या बाजूला.

स्पेलिंगच्या बाबतीत मला केंब्रिज इंटरनॅशनलच्या विज्ञान परीक्षांतला नियम पटतो. त्यांच्या परीक्षकांना सांगितलेलं असतं की स्पेलिंग बरोबर असण्याची गरज नाही, पण अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या शब्दाशी गोंधळ होता कामा नये. उदाहरण म्हणून ते इथेन आणि इथीन, ग्लुकागॉन आणि ग्लायकोजेन, रिफ्रॅक्शन आणि रिफ्लेक्शन अशा जोड्या देतात. शब्द आला पण चुकीच्या अर्थाने वापरला तर गुण नाही, हेही तिथे आहे. आमच्याकडे अशा जोड्या मुबलक आहेत: मायटोसिस-मायोसिस, युरेटर-युरेथ्रा. एक-दोन अक्षरांच्या फरकाने अवयव किंवा क्रिया बदलत असेल तिथे ढिलाई चालणार नाही. न्यूमॅटोफोरला ती चालते.

हे सगळं फार आधी आपल्याच शेजारी ओळखलं गेलं होतं. सीवूड्सहून हार्बरची गाडी पकडली की नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी, आणि खाडी ओलांडून पाचवं स्टेशन मानखुर्द. तिथलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली सुरू झालं. त्याचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतल्या, वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम करताना पाहिलं की मुलांची अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसून पुस्तकातल्या भाषेची असते. पुस्तकाची भाषा सोपी केली की समज वाढते. तिथे भाषा इंग्रजी नव्हती, मराठीच होती! पुस्तकातली प्रमाण मराठी आणि घरची मराठी यांच्यातलं अंतरच मुलांना अडवत होतं. करावे, दारावे या गावांतल्या आगरी-कोळी घरांतल्या मुलांना हे अंतर चांगलं ठाऊक आहे, आणि बारावीला त्यावर इंग्रजीचा आणखी एक मजला चढतो.

याच केंद्राने 2015 साली मुंबईत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड भरवलं. जगातल्या सर्वांत कठीण शालेय परीक्षांपैकी ती एक. तिथे आलेल्या मुलांवर इंग्रजीत लिहिण्याची सक्ती नसते. प्रश्नपत्रिका ठरली की प्रत्येक देशाचे मार्गदर्शक रात्री बसून ती आपापल्या भाषेत उतरवतात, मुलं आपल्या भाषेत सोडवतात. यजमानांचे परीक्षक आणि त्या देशाचे मार्गदर्शक, दोघेही उत्तरं तपासतात, आणि जिथे गुण जुळत नाहीत तिथे समोरासमोर बसून प्रत्येक पायरीवर बोलतात. जपानी किंवा रशियन न कळणारा परीक्षकसुद्धा समीकरणं, आकृती आणि मार्गदर्शकाचं स्पष्टीकरण यांवरून भौतिकशास्त्राला गुण देतो. सर्वांत हुशार मुलांसाठी जग इतका खटाटोप करतं, तर करावे गावातल्या मुलीसाठी आपण समासात सहा आकडे लिहायला काय हरकत आहे?

माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, “तुम्ही त्यांना आज सवलत द्याल, पण पुढे मेडिकलला, इंजिनीअरिंगला सगळं इंग्रजीतच आहे. रुग्णाच्या कागदावर फ्रॉम आणि टु चुकलं तर?” बरोबर आहे. म्हणूनच दुसरा रकाना आहे. भाषा मी सोडून देत नाही, तिला तिच्या नावाने गुण देते. इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या भूगोलात स्पेलिंग, विरामचिन्हं आणि व्याकरण यांचे गुण वेगळे नोंदवतात. म्हणजे ही कल्पना काही अघटित नाही. माझ्या भाषेच्या रकान्यात मी सगळ्या चुका धरत नाही. ज्या शब्दांनी विज्ञानाचा अर्थ फिरू शकतो तेवढेच दाखवते: बाय, फ्रॉम, टु, मोअर, लेस, बिकॉज, आणि कोण करतं व कोणावर होतं हे सांगणारी क्रियापदाची रूपं. गळलेले द आणि एस इंग्रजीच्या मॅडम बघतील. त्या मुलीच्या कागदावर लाल शाईत आता नऊ दुरुस्त्या नाहीत, दोन आहेत: ‘सॉल्ट इज स्टॉप्ड बाय रूट’ आणि ‘व्हाइट पावडर इज सीन ऑन लीफ’. दोन्ही एकाच प्रकारच्या, आणि एकदा कळल्या की सुटणाऱ्या.

या रीतीला एक मोठी मर्यादा आहे आणि ती मला अजून ओलांडता आलेली नाही. जे लिहिलं आहे त्यालाच गुण देता येतात. इंग्रजीची भीती असलेली मुलं मुळात कमी लिहितात. चुकेल म्हणून अवघड वाक्य टाळतात, आणि विज्ञानात ‘कारण’ सांगणारी वाक्यंच अवघड असतात. एका मुलाने दोन ओळी लिहून सोडून दिल्या होत्या, दोन गुण मिळाले. मराठीत बोलायला लावलं तर त्याने पाच मुद्दे सांगितले, वर ओहोटीला खेकडे कोणत्या मुळांपाशी बिळं करतात हेही सांगितलं. दोन रकाने करून त्याचे ते तीन मुद्दे मला कागदावर सापडले नसते. कॉलेजच्या अंतर्गत चाचणीत मी आता नामनिर्देशित आकृतीला शब्दांइतकेच गुण ठेवते, आणि अडलेला शब्द मराठीत लिहायला मुभा देते. बाणाची दिशा बघून हवा कुठून कुठे जाते ते कळतं. तिथे फ्रॉम आणि टु लागत नाही. बोर्डाच्या पेपरात आकृतीचा मार्ग खुला आहे, मराठी शब्दाचा नाही. म्हणून बोर्डापूर्वी त्या मुलाला ती पाच वाक्यं इंग्रजीत लिहिता यायलाच हवीत, आणि त्यासाठी त्याला पाच मुद्दे येतात हे आधी मला माहीत असायला हवं.

आपण भाषेला किती भुलतो हे ज्या शिक्षकांना तपासून बघायचं आहे त्यांना एकच विनंती करते. सहामाहीच्या गठ्ठ्यातून कमजोर इंग्रजीतली तीन उत्तरं निवडा. सहकाऱ्याला ती शुद्ध इंग्रजीत उतरवून द्यायला सांगा. मुद्दा एकही वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. ती दुसऱ्या अक्षरात, दुसऱ्या कागदांवर, बाकीच्या गठ्ठ्यात मिसळून तुमच्याकडे येऊ द्या. आठवड्याने तपासा आणि मूळ गुणांशेजारी नवे गुण मांडा. मी हे केलं तेव्हा सहा गुणांच्या प्रश्नात पहिल्या उत्तराला दोन गुणांचा, दुसऱ्याला दीडचा फरक पडला. तिसऱ्याला काहीच नाही. ते तिसरं उत्तर खरंच चुकलेलं होतं.